फोटोवर ३६ पॅनेल, गच्चीवर १०: छताच्या फोटोवरून सोलरचा अंदाज का चुकतो आणि तो कसा सुधारायचा

सांगली-मिरज-कुपवाड पट्ट्यात गच्चीवरच्या सोलरच्या मोजमापाचं काम मी करतो. वर्षभर एकच तक्रार वेगवेगळ्या तोंडून ऐकू येते: "मॅपवर मोजलं तवा एवढी बसत होती, आता तुम्ही निम्मी पण नाही म्हणताय." तक्रार करणाऱ्याचं गणित बहुधा बरोबरच असतं. चूक असते गणितात घातलेल्या मापांत, आणि ती त्याच त्याच चार-पाच ठिकाणी होते. म्हणून हे एकदा नीट लिहून ठेवतो.

लक्षणं

तुमचा अंदाज गंडलाय हे कसं ओळखायचं? पॅनेलची संख्या काढताना तुम्ही छताचं क्षेत्रफळ घेऊन त्याला पॅनेलच्या क्षेत्रफळानं भागलं असेल, तर तो गंडलाच आहे, पुढचं तपासायचीही गरज नाही. दुसरं लक्षण म्हणजे एकाच फोटोवरून दोन वेंडरनी दोन आकडे दिले आणि त्यांत तीन-चारपेक्षा जास्त पॅनेलचा फरक पडला. तिसरं, फोटोवर मोजलेली छताची लांबी तुमच्या मंजूर नकाशातल्या लांबीपेक्षा मीटरभर जास्त येते. चौथं सगळ्यात महागात पडतं: स्ट्रक्चरचं लोखंड कापून येतं, आणि शेवटचं पॅनेल कठड्यावर चढतं किंवा टाकीच्या पाइपला अडतं.

खालच्या तपासण्या फुकट आणि सोप्या आधी, मग कष्टाच्या, अशा क्रमानं आहेत. सोबत विश्रामबागेतलं एक घर घेतो. तळमजला आणि वर एक मजला, घर दिशांना सरळ बसलेलं, जिन्याची खोली वायव्य कोपऱ्यात. घरमालकांच्या मुलानं पुण्यात बसून सॅटेलाइट फोटोवर मोजलं: पूर्व-पश्चिम ८.४ मीटर, दक्षिण-उत्तर ११.२ मीटर. गुणाकार ९४ चौरस मीटर. ५५० वॉटचं पॅनेल २.५८ चौरस मीटरचं. भागाकार ३६. "वीस किलोवॉट बसतंय की आपल्या घरावर," असा फोन.

आधी हे बघा: लागतात किती?

ही तपासणी वीजबिल हातात घेऊन दोन मिनिटांत होते. आपल्याकडे १ किलोवॉटमागे दिवसाला सरासरी ४ युनिट धरतात. महिन्याला ३०० ते ३५० युनिट जाळणाऱ्या घराला ३ किलोवॉट पुरतं, म्हणजे ५५० वॉटची सहा पॅनेल. पीएम सूर्यघर योजनेचं घरगुती अनुदानही ३ किलोवॉटला ७८,००० रुपयांवर थांबतं, त्यापुढे वाढत नाही. तुम्हाला सहा लागतायत आणि फोटोवर सढळ हातानं जागा सोडूनही दहा बसतायत, तर पुढचं कुठलंच काटेकोर माप घेत बसू नका. हा लेख खरा उपयोगी पडतो तो लागणारा आकडा आणि बसणारा आकडा जवळजवळ आले की.

या घरात एसी, वरच्या मजल्यावर भाडेकरू, शिवाय विहिरीवरची मोटर. बिलाप्रमाणे साडेपाच-सहा किलोवॉट हवं होतं. म्हणजे दहा-अकरा पॅनेल, म्हणून मोजणं भाग होतं.

पॅनेलचं माप कुठून घेतलं?

नेटवर "सोलर पॅनेलचा आकार" शोधला की बऱ्याचदा साडेपाच फूट बाय सव्वातीन फूट असं उत्तर येतं. ते ६० सेलचं जुनं पॅनेल, परदेशात घरांवर चालायचं ते. आपल्याकडे सध्या लागतात ती ५४०-५५० वॉटची १४४ हाफ-कट सेलची पॅनेल साधारण २२७८ बाय ११३४ मिलिमीटरची असतात, म्हणजे साडेसात फूट बाय पावणेचार फुटांच्या आसपास. क्षेत्रफळात जुन्या मापाच्या दीडपटीहून जास्त. सहाशेच्या वरच्या वॉटची काही पॅनेल तर २३८२ मिलिमीटर लांब येतात. रुंदी तीच, पण लांबी १० सेंटिमीटरनं वाढली की तीन रांगांत फूटभर जागा गेली.

म्हणून कोटेशनमधलं मॉडेल बघा, त्याचीच डेटाशीट उघडा आणि त्यातलं फ्रेमसकट बाहेरचं माप घ्या. अनुदानासाठी देशी सेलचं पॅनेल लागतं, त्यामुळे वेंडर ऐनवेळी मॉडेल बदलतो हेही धरून चला. मॉडेल बदललं की माप पुन्हा तपासायचं.

दोन पॅनेलमध्ये क्लॅम्प बसतो, त्याला साधारण २० मिलिमीटर फट लागते. फोटोवर ती कोणी धरत नाही. एका रांगेत तिचं काही वाटत नाही, पण पुढे एक पॅनेल या असल्या सेंटिमीटरांवरच अडतं.

भागाकार सोडा, रांगा मांडा

पॅनेल पाणी असतं तर भागाकार चालला असता. ते अखंड आहे, कापता येत नाही, वाकवता येत नाही. म्हणून लांबीच्या दिशेनं किती बसतात आणि रुंदीच्या दिशेनं किती, हे वेगवेगळं काढायचं आणि दोन्हीकडे अपूर्णांक टाकून द्यायचा. एका रांगेचा हिशोब असा:

```
n = floor((W + 0.02) / (P + 0.02))
```

`W` म्हणजे रांगेला मिळणारी मोकळी लांबी मीटरमध्ये, `P` म्हणजे पॅनेलची त्या दिशेची बाजू, `0.02` ही क्लॅम्पची फट. `floor` म्हणजे खालचा पूर्णांक.

हे उभ्या आणि आडव्या, दोन्ही मांडणीत करून बघा. कुठली जास्त बसेल हे नजरेला कळत नाही. उभी लावली की पावणेचार फुटांचे तुकडे रुंदीत बसवायचे असतात, आडवी लावली की साडेसात फुटांचे. मोठ्या तुकड्यानं उरणारी जागाही मोठी, एवढं लक्षात ठेवलं तरी बरंच उमगतं.

पण या सूत्रात `W` चुकीचा घातला तर सूत्र काय करणार? पुढचं सगळं `W` साठीच आहे.

स्केल खरा आहे का?

गुगल अर्थमध्ये पट्टीचं साधन वापरून मोजत असाल तर स्केल सहसा ठीक असतो. गडबड होते ती स्क्रीनशॉट काढून, व्हॉट्सअॅपवर पाठवून, दुसऱ्यानं त्यावर रेघा मारल्या की. फोटो लहान-मोठा होतो आणि खालची स्केलची रेघ बऱ्याचदा कापली जाते. झूमच्या आकड्यावरून एका ठिपक्याचं माप काढायचं सूत्र आहे, आणि सांगलीच्या अक्षांशाला झूम २० वर ते १४ सेंटिमीटरच्या आसपास येतं. पण मोबाइलच्या स्क्रीनशॉटवर ते चालत नाही, कारण मोबाइलची स्क्रीन तोच नकाशा जास्त ठिपक्यांत दाखवते. त्यापेक्षा ज्याची लांबी आधीच माहीत आहे अशी एखादी लांब वस्तू त्याच फोटोत मोजा.

लांब वस्तू म्हणतोय, कारण सॅटेलाइट फोटोचा मूळ ठिपकाच ३० ते ५० सेंटिमीटरचा असतो. कितीही झूम केलं तरी नवी माहिती येत नाही, तेच धुरकट मोठं दिसतं. पाण्याच्या टाकीवरून स्केल धरायला जाल तर मीटरभराच्या टाकीत एका ठिपक्याची चूक म्हणजे तीस-चाळीस टक्के. रस्त्याकडची कंपाउंडची भिंत घ्या, तिचं माप मंजूर नकाशात फुटांत लिहिलेलं असतं. या घराच्या कंपाउंडची रस्त्याकडची भिंत नकाशात ४० फूट, म्हणजे १२.२ मीटर. फोटोवर आली १२.३. स्केल ठीक. म्हणजे ३६ चा घोळ इथला नव्हता.

ड्रोनचा फोटो असेल तर मात्र एक वेगळीच फसगत होते, आणि हल्ली लग्नाच्या शूटिंगवाल्याला सांगून ड्रोन उडवून घेणारे बरेच भेटतात. खाली उभी गाडी आहे, तिची लांबी माहीत आहे, म्हणून तिच्यावरून स्केल लावतात. पण ड्रोन जमिनीपासून ४० मीटरवर असेल आणि छत ७ मीटरवर, तर छत ड्रोनपासून ३३ मीटरवरच आहे. जवळचं मोठं दिसतं. ४० भागिले ३३ म्हणजे १.२१. छताची प्रत्येक बाजू २१ टक्के जास्त मोजली जाते आणि क्षेत्रफळ जवळजवळ दीडपट होतं. उपाय सोपा आहे: गच्चीवरच दोन ठळक खुणांमधलं अंतर टेपनं मोजून ठेवा, म्हणजे दोन विटा ठेवून मधलं पाच मीटर अंतर पक्कं करा, आणि मगच ड्रोन उडवायला सांगा. सॅटेलाइट शेकडो किलोमीटरवर असल्यामुळे तिथे ही अडचण येत नाही. त्याची अडचण वेगळी आहे.

जे मोजलं ते छतच आहे का?

माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त पॅनेल इथे गळतात, म्हणून या तपासणीला वेळ द्या.

सॅटेलाइट क्वचितच बरोबर डोक्यावरून फोटो काढतो. तो जरा तिरका बघत असतो, त्यामुळे इमारती एका बाजूला कललेल्या दिसतात आणि एका बाजूची भिंत फोटोत येते. भिंतीला आणि गच्चीला एकच रंग असला की भिंतही छत म्हणून मोजली जाते. किती फरक पडतो? ७ मीटर उंच घर आणि सॅटेलाइट २० अंश तिरका असेल, तर अडीच मीटर भिंत दिसेल. आजूबाजूला पाण्याची उंच टाकी किंवा मोबाइल टॉवर असेल तर तो कुठल्या बाजूला झुकलेला दिसतोय ते बघा, तुमच्या घराचीही तीच दिशा. ज्या बाजूची भिंत दिसते त्या बाजूला छताची खरी कड आत असते.

एक गोष्ट दिलासा देणारी आहे. सपाट छत कलल्यामुळे जागेवरून सरकलेलं दिसतं, पण त्याची लांबी बदलत नाही. त्यामुळे वरच्या कडेपासून समोरच्या वरच्या कडेपर्यंत मोजलंत तर माप बरोबर येतं. फक्त एक टोक वरच्या कडेवर आणि दुसरं जमिनीलगतच्या कडेवर, असं होऊ देऊ नका. ओळखू येत नसेल तर गुगल अर्थमध्ये जुन्या तारखांचे फोटो उघडा. प्रत्येक फोटोत कल वेगळा असतो. एका फोटोत दिसणारी पट्टी दुसऱ्यात गायब झाली, तर ती भिंत होती.

जुने-नवे फोटो बघताना आणखी एक कळतं: फोटोनंतर गच्चीवर काय काय उगवलं. शेजारचा वाढीव मजला, सोलर हीटर, पत्र्याची शेड. फोटोची तारीख बघायची सवय ठेवा.

दुसरा चकवा पोर्चचा. वरून बघताना पोर्चचा स्लॅब, पहिल्या मजल्याची बाल्कनी आणि गच्ची एकाच पातळीत दिसतात. त्यांना सावली वेगळं करते. गच्चीच्या कठड्याची सावली खालच्या पोर्चवर पडलेली दिसते, आणि सलग गच्चीवर मध्येच अशी रेघ पडायचं कारण नसतं.

विश्रामबागेच्या घराच्या फोटोत पश्चिमेची भिंत ०.८ मीटर दिसत होती. ८.४ मधून ती गेली, राहिले ७.६. दक्षिणेला दीड मीटरचा पोर्च गच्चीत धरला होता, तो काढून ११.२ चे ९.७ झाले. कठडा चार इंची विटेचा, प्लास्टरसकट १५ सेंटिमीटर धरा. दोन्ही बाजूंचा मिळून ०.३ गेला. आतली मोकळी गच्ची ७.३ बाय ९.४ मीटर, म्हणजे ६९ चौरस मीटरही नाही. टाकी, जिना, सावली यांना अजून हातही लावलेला नाही आणि ९४ मधले २५ गेले.

उतरत्या छताचं उलट होतं. वरून घेतलेल्या फोटोत उतार आखडलेला दिसतो. २५ अंशांच्या उतारावर फोटोतले ४.५ मीटर म्हणजे प्रत्यक्षात जवळपास ५ मीटर. उतारावर दोन पॅनेल एकाखाली एक लावायला ४.५८ मीटर लागतात, म्हणजे फोटो "बसत नाहीत" म्हणतो आणि प्रत्यक्षात बसतात. जावळी-पाटणकडच्या पत्र्याच्या घरांवर हा फरक नेहमी दिसतो. फोटोतलं माप उताराच्या कोसाइननं भागा, म्हणजे खरं माप येईल.

सावली आणि चालायची वाट

इथे जरा सूर्याकडे बघावं लागेल. सगळी पॅनेल एका माळेत जोडलेली असली की एकावर पडलेली सावली बाकीच्यांचंही उत्पादन ओढते, म्हणून "थोडी सावली चालते" हे ऐकू नका.

हिशोब २१ डिसेंबरच्या आसपासचा धरतात, कारण तेव्हा दक्षिणेकडच्या वस्तूंच्या सावल्या सर्वांत लांब असतात. सूर्याप्रमाणे सकाळी ९ आणि दुपारी ३ या वेळा घ्यायच्या. सांगलीत घड्याळात त्या साडेनऊ आणि साडेतीन होतात, कारण आपलं घड्याळ आपल्या पूर्वेला असलेल्या ८२.५ रेखांशावर चालतं. त्या वेळी सांगलीत सूर्य क्षितिजापासून साधारण ३० अंशांवर असतो. वस्तूच्या उंचीच्या १.१२ पट सावली उत्तरेकडे जाते, आणि १.२८ पट पूर्वेकडे किंवा पश्चिमेकडे. साताऱ्याला उत्तरेची सावली १.१६ पट धरा. एवढे आकडे पुरतात.

आता रांगांमधलं अंतर. पॅनेल उभं, १५ अंश कललेलं. जमिनीवर त्याची लांबी २.२ मीटर व्यापते आणि मागची कड पुढच्या कडेपेक्षा ५९ सेंटिमीटर उंच जाते. त्याची १.१२ पट म्हणजे ६६ सेंटिमीटर. दोन रांगांत ७० सेंटिमीटर सोडले की झालं. फोटोवर पॅनेल चिकटवून मांडणारे ही पट्टी विसरतात.

कठडा तीन फूट, पॅनेलची पुढची कड जमिनीपासून फूटभर वर. म्हणजे कठडा तिच्यापेक्षा ६० सेंटिमीटर उंच, आणि दक्षिणेच्या कठड्याची सावली जवळपास ७० सेंटिमीटर आत येते. तेवढी जागा सोडली. पूर्व-पश्चिमेला प्रत्येकी ६० सेंटिमीटर सोडले. तिथे सकाळी कठड्याची थोडी सावली कडेच्या पॅनेलला लागते, पण ही जागा मुख्यतः माणसासाठी आहे. ऊसतोडीच्या हंगामात पाचट जाळल्याची काजळी गच्चीवर येऊन बसते हे इथल्यांना सांगायला नको, आणि पॅनेल धुवायला पाइप घेऊन जायला वाट नसली तर ती कोणी धुत नाही.

जिन्याची खोली: वायव्य कोपऱ्यात, पूर्व-पश्चिम २.४, दक्षिण-उत्तर ३ मीटर, उंची २.३ आणि वर टाकी. तिच्या पूर्वेला ४.९ मीटरची पट्टी उरते, आणि कडेची वाट सोडून तिथे तीन पॅनेल सहज बसताना दिसतात. सगळ्यांना ती पट्टी खुणावते. पण दुपारी साडेतीनला जिन्याच्या खोलीची सावली पॅनेलच्या पातळीवर पूर्वेकडे दोन मीटरहून जास्त जाते, टाकीची आणखी पुढे. तिन्हींतली दोन दुपारनंतर अंधारात. उन्हाळ्यातही सुटका नाही. साधारण मेच्या दुसऱ्या आठवड्यापासून ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत सांगलीत भर दुपारचा सूर्यसुद्धा उत्तरेकडे असतो, आणि संध्याकाळी तो वायव्येकडून येतो. तेव्हा सावली आग्नेयेकडे, म्हणजे मधल्या रांगेकडे सरकते. ती पट्टी सोडून दिली.

उरलं किती? पूर्व-पश्चिम ७.३ वजा १.२, म्हणजे ६.१ मीटर. दक्षिण-उत्तर ९.४ मधून जिन्याचे ३ आणि कठड्याचे ०.७ गेले, ५.७ मीटर.

उभी मांडणी: पाच पॅनेलला ५.७५ मीटर लागतात, बसतात. सहाला ६.९, नाही. रांगा दोन: २.२, मध्ये ०.७, पुन्हा २.२, एकूण ५.१. म्हणजे १०. आडवी मांडणी: चार रांगा बसतात, पण रुंदीत दोनच पॅनेल मावतात. म्हणजे ८. उभी जिंकली. दहा पॅनेल, ५.५ किलोवॉट. कुठे ३६ आणि कुठे १०.

आकडा सोडा, उरलेली जागा बघा

आता जे सांगतो ते मोजमाप करणारेही बऱ्याचदा करत नाहीत. आकडा मिळाला की त्याच्या शेजारी लिहा: किती जागा उरली आणि पुढचं पॅनेल किती जागेनं हुकलं. फोटोवर दोन कडांत मिळून ३० ते ४० सेंटिमीटरची चूक सहज होते. उरलेली किंवा हुकलेली जागा त्यापेक्षा कमी असेल, तर फोटोनं निकाल दिलेलाच नाही.

या घरात पाच पॅनेल लावून ६.१ मध्ये ३५ सेंटिमीटर उरले. म्हणजे पाचवंसुद्धा फोटोच्या भरवशावर पक्कं नाही. सहाव्याचं तर आणखी मजेदार. कडेची वाट ६० वरून २० सेंटिमीटरवर आणली तर ६.९ मीटर मिळतात, आणि सहा पॅनेलला लागतात ६.९०४. चार मिलिमीटरनं हुकलं! एखादा वेंडर म्हणेल बसतंय, दुसरा म्हणेल नाही, आणि दोघांकडे एकच फोटो असेल. ठिपकाच ३० सेंटिमीटरचा असलेल्या फोटोवर चार मिलिमीटरचा वाद घालून काय मिळणार? तिथे टेप काढायची वेळ झालेली असते.

टेप

गच्चीवर जाऊन कठड्याच्या आतून आतपर्यंत मोजा. दोन्ही टोकांना आणि मधोमध, कारण जुन्या घरांचे कोपरे काटकोनात असतातच असं नाही, आणि रांगेला सगळ्यात अरुंद माप लागू होतं. दोन्ही कर्णही घ्या. समोरासमोरच्या बाजू सारख्या आणि कर्णही सारखे आले तर कोपरे काटकोनात आहेत. मग ज्या गोष्टी कुठल्याच फोटोत दिसत नाहीत त्या टिपा: टाकीचा पाइप, पावसाच्या पाण्याचं तोंड, डिशचा खांब, वाढीव मजल्यासाठी वर सोडलेल्या सळया, वॉटरप्रूफिंगचा उंचवटा.

घरमालक काकांनी मोजलं: पूर्व-पश्चिम ७.२, दक्षिण-उत्तर ९.४५, जिना ३.०५. फोटोवरून सुधारलेल्या मापाशी जुळलं. सहाव्याचा विषय मिटला, आता ते १० सेंटिमीटरनं बाहेर होतं. पाच मात्र ६ मीटरमध्ये २५ सेंटिमीटर ठेवून बसतात. दहा पक्की.

इथे थांबा आणि माणूस बोलवा

सिमेंटच्या पत्र्यावर मोजायला चढू नका. हे पत्रे वरून धड दिसतात आणि पाय पडला की फुटतात. मंगलोरी कौलांवरही तेच. अशा छतांचं फोटोवरून मोजा आणि पुढचं फिटरवर सोडा. गच्चीला कठडा नसेल, किंवा वीजतार हाताच्या किंवा टेपच्या टप्प्यात येत असेल, तर तिथेही टेप बाहेर काढायचा नाही. तारेसाठी महावितरणच्या कार्यालयात अर्ज करा. लोखंडी टेप तारेजवळ नेणं म्हणजे जीव द्यायचं काम.

स्लॅबला खालून तडे, ओल, सळईचा गंज उतरून प्लास्टर सुटलेलं दिसलं, किंवा घर जुन्या विटांच्या भिंतींवर उभं असेल, तर किती पॅनेल मावतात हा प्रश्नच बाजूला ठेवा. आधी स्ट्रक्चरल इंजिनिअर. पॅनेलचं वजन फार नसतं, पण वारा खालून शिरला की ते शिडासारखं ओढ घेतं, आणि ती ओढ शेवटी स्लॅबमधल्या बोल्टवर येते. चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या उगाच उभ्या नाहीत, सातारा-पाटणच्या उंचावरच्या गावांत हा मुद्दा आणखी मोठा. वायरिंग, अर्थिंग आणि मीटरचं काम परवानाधारक इलेक्ट्रिकल कॉन्ट्रॅक्टरचं, तिथे घरचा हात नको.

विश्रामबागेच्या काकांचा शेवटचा प्रश्न नेहमीचाच होता: आठ फूट उंच स्ट्रक्चर केलं तर? मोजमापापुरतं उत्तर देता येतं. पॅनेल कठड्याच्या वर गेली की त्याची सावली लागत नाही, कडेची वाट खालून मिळते, ७.२ मीटरच्या रुंदीत सहावं पॅनेल बसतं आणि १० चे १२ होतात. पण उंच खांबांवर वाऱ्याचा जोर किती, खांब बीमवर येतात का, स्लॅबला तेवढं पेलेल का, हे फोटोतून दिसत नाही आणि टेपनंही मोजता येत नाही. इंजिनिअरचा सही-शिक्क्याचा कागद येईपर्यंत कोटेशनवर १० च लिहायला सांगितले.